लेख सापडतो, पण तो कशासाठी ठेवला होता ते सापडत नाही

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी बहुतेकांची एकच अवस्था होते. लॅपटॉपवर तीन-चारशे पीडीएफ जमलेल्या असतात. काही `Downloads` मध्ये, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या, काही कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून उतरवलेल्या. मार्गदर्शक प्रकरणाचा कच्चा खर्डा चाळता चाळता एका वाक्याखाली रेघ मारतात आणि विचारतात, "हा मुद्दा कुणाचा? पान कितवं?" मुद्दा वाचलेला असतो, लेख डोळ्यांसमोर असतो, त्याच्या पहिल्या पानावर निळा लोगो होता हेही आठवतं. फाइल मात्र मिळत नाही. मिळाली तर तिच्यात सतरा ठिकाणी पिवळा रंग फासलेला असतो आणि त्यातलं कुठलं वाक्य कामाचं होतं ते कळत नाही.

यावर लोक सहसा आणखी फोल्डर करतात. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत ‘महत्त्वाचे’, त्याच्या आत ‘खूप महत्त्वाचे’. यातून सुटका होत नाही, कारण फोल्डर, टॅग आणि टिपण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि आपण एकीवर तिघींचा भार टाकत असतो. फोल्डर सांगतो, हा लेख माझ्या कुठल्या कामासाठी आहे. टॅग सांगतो, लेखात काय आहे. टिपण सांगतं, लेखकाने काय म्हटलंय आणि त्यावर मी किती विश्वास ठेवतोय.

हे नुसतं तत्त्व म्हणून पटायला सोपं आहे. कस लागतो तो खऱ्या विषयावर, म्हणून इथे खानदेशातलाच एक विषय घेऊ: पांझरेकाठची फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला साधारण एकच पीक, आणि पाणी सोडण्याचं काम ज्याच्या त्याच्या हातात न ठेवता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे. साक्री, धुळे भागात पांझरेवर आणि पलीकडे मोसम, आराम या नद्यांवर ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. संग्रह कसा लावू नये हे शिकायला हा विषय फार चांगला आहे, कारण यावरचं लेखन एका ठिकाणी नाही. काही १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये, काही सिंचनावरच्या इंग्रजी नियतकालिकांत, काही मराठी मासिकांत, काही शोधगंगेवरच्या प्रबंधांत, तर काही शासकीय अहवालांच्या धुरकट स्कॅनमध्ये.

साधन म्हणून झोटेरो ही लेख आणि संदर्भ सांभाळणारी आज्ञावली धरतो. फुकट आहे, विद्यापीठाच्या सदस्यत्वावर अवलंबून नाही, मराठी नीट पेलतं. दुसरं कुठलं वापरत असाल तरी पुढचं बहुतेक लागू पडेल, फक्त बटणांची नावं बदलतील.

सुरुवात आवकेपासून. कुठल्याही कचेरीत टपाल आलं की आधी आवक नोंदवहीत चढतं, मग टेबलावर जातं. संग्रहातही एक फोल्डर तेवढ्यासाठीच हवा. नाव `००_आवक`, म्हणजे तो यादीत कायम वर राहतो. जे काही उतरवाल ते आधी इथे. उतरवताना वर्गवारी करायची नाही, कारण त्या क्षणी आपण शोधाच्या तंद्रीत असतो आणि तेव्हा घेतलेले निर्णय हमखास चुकतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढून आवक रिकामी करायची. प्रत्येक लेखाला तीनच वाटा: कामाच्या फोल्डरमध्ये गेला, ‘नंतर पाहू’ अशी खूण घेऊन मुख्य संग्रहात राहिला, किंवा कचऱ्यात गेला. तिसरी वाट लोक वापरत नाहीत. नेटवर कायमचा असलेला आणि विषयाला जेमतेम शिवणारा लेख ‘असू दे’ म्हणून ठेवला की पुढच्या प्रत्येक शोधात तो मध्ये येतो.

आवकेतच दोन कामं उरकून घ्यावीत, कारण पुढे ती कधीच होत नाहीत.

पहिलं, नोंद पूर्ण करणं. इंग्रजी लेखाला डीओआय असतो, तो `Add Item by Identifier` मध्ये टाकला की लेखक, वर्ष, नियतकालिक, पानं सगळं आपोआप भरतं. मराठी मासिकातल्या लेखाचं असं होत नाही. नुसती पीडीएफ आत ओढली तर झोटेरो तिला ओळखू शकत नाही आणि ती `scan0047.pdf` याच नावाने पडून राहते. तिच्यावर उजवी कळ दाबून `Create Parent Item` घ्यायचं आणि हाताने भरायचं: लेखक, शीर्षक, मासिक, अंक, वर्ष, पानं. चार मिनिटांचं काम आहे. अंक आणि वर्ष मासिकाच्या मुखपृष्ठावर असतं, लेखाच्या पानावर नसतं. त्यामुळे स्कॅन करतानाच मुखपृष्ठही घ्यावं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात किंवा एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात बसून मोबाइलवर पानं टिपणाऱ्यांनी ही गोष्ट मनगटावर लिहून ठेवावी. लेखाची बारा पानं घरी आणायची आणि कुठल्या वर्षाचा अंक होता ते पाहायला पुन्हा बस धरायची, हा प्रकार फार जणांच्या वाट्याला येतो.

शोधगंगेवरच्या प्रबंधांचं दुखणं वेगळं आहे. तिथे प्रबंध एकसंध मिळत नाही, तुकड्यांत मिळतो: `01_title.pdf`, `02_certificate.pdf`, पुढे एकेक प्रकरण. तीन प्रबंध उतरवले की `01_title` नावाच्या तीन फाइली होतात आणि कुठलं तिसरं प्रकरण कुणाचं ते कळेनासं होतं. त्यासाठी आधी ‘प्रबंध’ या प्रकाराची एकच नोंद करायची आणि त्या प्रबंधाचे सगळे तुकडे तिच्याखाली ओढायचे. प्रमाणपत्र, घोषणापत्र वगैरे तिथेच उडवून टाका. संदर्भसूचीचा तुकडा मात्र ठेवा, पुष्कळदा सगळ्यात उपयोगी तोच निघतो.

दुसरं काम म्हणजे पीडीएफमधली अक्षरं खरंच अक्षरं आहेत का ते पाहणं. मराठी सामग्रीत ही मोठी गोम आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तिकांत तिचा पत्ताही नसतो. परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी ओळ जशीच्या तशी उतरली तर ठीक. काहीच निवडलं जात नसेल तर ते नुसतं चित्र आहे. आणि डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसत असून चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उतरला तर ती फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेली आहे. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पडद्यावर ‘बंधारा’ वाचता येतो म्हणून आपण निर्धास्त असतो. शोधयंत्राला मात्र तिथे ‘बंधारा’ नावाचं काहीच दिसत नाही, म्हणून तो लेख शोधात कधीच येत नाही, आणि येत नाही हे आपल्याला कळतही नाही.

दोन्हींवर उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घेणं. `ocrmypdf` नावाची फुकट आज्ञावली आहे. तिच्यासोबत टेसरॅक्टची मराठी भाषाफाइल बसवली की एका ओळीत काम होतं:

```
ocrmypdf -l mar+eng --force-ocr june.pdf nave.pdf
```

`--force-ocr` हा शब्द जुन्या फॉन्टच्या फाइलींसाठी लागतो. त्यात आधीच अक्षरं आहेत असं आज्ञावलीला वाटतं आणि ती काम नाकारते. हा शब्द घातला की पानाचं आधी चित्र होतं आणि मग ते नव्याने वाचलं जातं. फाइल फुगते, तेवढं चालवून घ्यायचं. निव्वळ स्कॅन असेल तर हा शब्द काढून टाका. जुन्या छपाईत जोडाक्षरं चुकीची वाचली जातात, त्यामुळे ओसीआर केलेला मजकूर शोधायला वापरा, उद्धृत करायला वापरू नका. आणि क्रम पाळा: ओसीआर आधी, खुणा नंतर. जुन्या फाइलीवर रंगवून झाल्यावर नवी फाइल जोडली तर खुणा जुनीवरच राहतात आणि एका लेखाच्या दोन अर्धवट प्रती होतात.

आता फोल्डर. फडावरच्या संग्रहात लोक सर्रास असे फोल्डर करतात: ‘इतिहास’, ‘सिंचन’, ‘पिके’, ‘पाणीवाद’, ‘धुळे जिल्हा’. मग एक लेख हातात येतो: धुळे जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये उसाच्या फडाला पाणी देण्यावरून झालेल्या जुन्या तंट्यावरचा. तो पाचही ठिकाणी बसतो. संगणकाच्या साध्या फोल्डरमध्ये अशा वेळी माणूस पाच प्रती करतो, खुणा एकीवर करतो आणि महिन्याने कोरी प्रत उघडून म्हणतो, मी हा वाचलाच नव्हता.

झोटेरोचा फोल्डर, ज्याला ते कलेक्शन म्हणतात, तसा नसतो. लेख एकदाच असतो, मुख्य संग्रहात. कलेक्शन ही फक्त यादी. एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि दूध डेअरीच्या वहीत असावं तसं. ओढून दुसऱ्या यादीत टाकलात तर पहिल्या यादीतून जात नाही. कलेक्शनमध्ये असताना `Delete` दाबलं तर नाव त्या यादीतून वगळलं जातं, लेख राहतो. मुख्य संग्रहात, म्हणजे `My Library` मध्ये असताना तेच दाबलं तर लेख कचऱ्यात जातो. या फरकाने पुष्कळांची धांदल उडवली आहे. एखादा लेख कुठल्या कुठल्या यादीत आहे ते पाहायचं असेल तर तो निवडून विंडोजवर `Ctrl` कळ दाबून धरा, त्या त्या याद्या उजळतात.

एवढी सोय असल्यावर फोल्डर विषयवार करण्याचं कारणच उरत नाही. ते कामावर आधारलेले असावेत: `१०_प्रकरण २ बंधारे व पाट`, `२०_प्रकरण ३ पाटकरी व मोबदला`, `३०_धुळे चर्चासत्र निबंध`. अशा फोल्डरची कसोटी सोपी असते. मी हा लेख त्या प्रकरणात वापरणार आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही, मध्ये काही नाही. आणि काम संपलं की तो फोल्डर गुंडाळता येतो. ‘सिंचन’ नावाचा फोल्डर कधी संपतो? माझ्या मते दोन पातळ्यांपेक्षा खोल जाऊ नये. तिसऱ्या पातळीची गरज वाटली की ती बहुतेक टॅगची गरज असते.

टॅगांवर जरा थांबायला हवं, कारण संग्रह बिघडतात ते इथेच.

झोटेरो नियतकालिकाच्या पानावरून लेख उचलतं तेव्हा तिथले कळीचे शब्दही टॅग म्हणून घेऊन येतं. शंभर लेखांत असे काही शे टॅग साचतात: `Irrigation`, `irrigation`, `Irrigation systems`, `India`, `Water`. या गर्दीत आपले टॅग बुडतात. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन आपोआप टॅग लावण्याची खूण काढून टाकावी. टॅग आपण लावायचा, आपल्या हाताने, आणि आपल्याला पुढे जो प्रश्न विचारायचा आहे त्याच्यासाठी.

मग फडाच्या संग्रहात कुठले टॅग? ‘फड’ हाच टॅग निरुपयोगी आहे, कारण सगळा संग्रह फडाचाच. पण संग्रहाबाहेर शोधताना हा शब्द चकवतो. नुसतं `phad` टाकलं तर राजस्थानातली पडद्यावर रंगवलेली फड येते. मराठीत टाकलं तर तमाशाचा फड आणि ऊसतोडीचा फड. म्हणून कुठला शोध कुठल्या शब्दांनी केला तेही एका टिपणात लिहून ठेवावं.

स्थळाचा टॅग लावताना सगळे सहज जिल्हा लावतात. आपल्या भागात तो सापळा आहे. १८८० चं गॅझेटियर ‘खानदेश’ म्हणतं तेव्हा तो आजचा जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एक जिल्हा असतो. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. त्यानंतरचा ‘पश्चिम खानदेश’ म्हणजे साधारण आजचे धुळे आणि नंदुरबार. पुढे कित्येक वर्षं लिहिलं गेलं ते ‘धुळे जिल्हा’ म्हणून, पण १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, त्यामुळे १९९० च्या लेखातला धुळे जिल्हा आणि २०१० च्या लेखातला धुळे जिल्हा एक नव्हेत. आणि उलट बाजूने, मोसम-आराम खोऱ्यांचा बागलाण-मालेगाव भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होण्याआधी खानदेशातच मोडत होता. अशा वेळी ‘जिल्हा-धुळे’ हा टॅग काय गोळा करील? निरनिराळ्या काळांतले निरनिराळे प्रदेश. सिंचनाच्या विषयात स्थळाचा टॅग नदीचाच हवा: `नदी-पांझरा`, `नदी-मोसम`, `नदी-आराम`. सरकारने सीमा कितीही हलवल्या तरी बंधारा त्याच पाण्यावर राहतो. विषय निवडणुकांचा असता तर गोष्ट वेगळी, तिथे जिल्हाच लागला असता.

तर अशा संग्रहाला तीन कुळांचे टॅग पुरतात. नद्यांचे, वर सांगितलेले. पुराव्याच्या प्रकाराचे: `पुरावा-मुलाखत`, `पुरावा-दप्तर`, `पुरावा-मोजमाप`, `पुरावा-ऐकीव`. आणि मुद्द्यांचे: `मुद्दा-मोबदला`, `मुद्दा-तंटा`, `मुद्दा-डागडुजी`, `मुद्दा-पीकक्रम`. पुढे कुळाचं नाव जोडल्याने टॅगांच्या चौकटीत एकेक कूळ एकत्र दिसतं. एका लेखाला चार-पाच टॅग, सगळे मिळून तीस-चाळीस. त्याहून वाढले तर आपण लेखाचं वर्णन करत बसलोय, प्रश्न विचारत नाही, असं समजावं. नवा टॅग सुचला तर एक साधी अट घाला: याच टॅगचा दुसरा लेख हातात येईपर्यंत तो करायचा नाही.

चौथं छोटं कूळ वाचनाच्या अवस्थेचं: `_नंतर`, `_चाळला`, `_वाचला`. यांना रंग द्या. टॅगवर उजवी कळ, `Assign Color`, आणि जागा १, २, ३. मग लेख निवडून कळफलकावर नुसता आकडा दाबला की टॅग लागतो, पुन्हा दाबला की निघतो. असे नऊपर्यंत रंगीत टॅग करता येतात. तीनच पुरे. रंग वाढले की त्यांचा अर्थ विसरतो.

मराठीत टॅग लिहिताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ दोन्ही प्रचारात आहेत. संगणकाच्या लेखी ते दोन टॅग. हे निदान दिसतं तरी. न दिसणारा घोळ ‘ऱ्या’चा आहे. एका कळफलकावर तो नुक्त्याच्या ‘ऱ’पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मोबाइलवर टाइप केलेला ‘बंधाऱ्या’ आणि लॅपटॉपवरचा ‘बंधाऱ्या’ मग एकमेकांना ओळखत नाहीत. टॅगांच्या चौकटीत एकच शब्द दोनदा दिसायला लागला की हेच झालेलं असतं. टॅग मूळ रूपात ठेवले, म्हणजे ‘बंधारा’, ‘पाटकरी’, तर ही भानगड मुळातच टळते. झाली असेल तर एका टॅगचं नाव बदलून दुसऱ्यासारखं करा, अगदी दुसऱ्यावरून कॉपी करून. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि लेख जागच्या जागी राहतात.

टॅगांची यादी डोक्यात ठेवू नका. संग्रहातच एक सुटं टिपण करा, नाव ‘टॅगयादी’, आणि प्रत्येकापुढे एक ओळ: `नदी-पांझरा` म्हणजे जुन्या इंग्रजी मजकुरात `Panjhra`, नव्यात `Panzara`, धुळ्याला शोधताना `Dhulia` ही टाकणे. ही यादी सहा महिन्यांनी तुमच्यापेक्षा जास्त हुशार ठरते.

राहिलं टिपण. इथे माझं मत जरा कडक आहे: ज्या लेखाला टिपण नाही तो लेख वाचलेलाच नाही, मग त्यात कितीही रंग असोत. रंगवणं हाताला सोपं जातं आणि डोक्याला सुट्टी देतं. म्हणून रंगांवर बंधन घालावं. पिवळा लेखकाच्या दाव्याला, हिरवा आकड्याला किंवा पद्धतीला, तांबडा जिथे पटत नाही तिथे, निळा पुढे शोधायच्या संदर्भाला. पानाला सरासरी एक खूण पुष्कळ झाली. तांबडी खूण केली तर तिला तिथल्या तिथे चार शब्द जोडायचे, नाहीतर का पटलं नाही ते नंतर आठवत नाही.

आणि पीडीएफ बंद करण्याआधी तीन ओळी. लेखाच्या नोंदीखाली टिपण उघडून, आपल्या मराठीत, मूळ लेख इंग्रजी असला तरी. पहिली ओळ दावा, दुसरी आधार, तिसरी उपयोग आणि शंका. प्रत्येकाला पान. साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ नये. समजा, पांझरेवरच्या एका बंधाऱ्यावर बारा पानी लेख आहे. त्याचं टिपण असं होईल:

"दावा: बंधाऱ्याची डागडुजी थांबली ती पाणी आटल्याने नव्हे, पाटकऱ्याचा मोबदला धान्याऐवजी रोख ठरला आणि वसुली थकत गेली म्हणून, पृ. ४७. आधार: एकाच गावातल्या मुलाखती, बहुतेक बागायतदारांच्या, हिशेबाच्या वह्या पाहिलेल्या नाहीत, पृ. ४३. उपयोग: प्रकरण ३. शंका: वरच्या अंगाला त्याच वर्षांत विहिरी किती वाढल्या हे तपासलेलं नाही, म्हणून पाण्याचं कारण इतक्या सहज बाद करता येत नाही."

यातली सगळ्यात मोलाची ओळ दुसरी आहे, आणि लोक नेमकी तीच गाळतात. दावा सारांशातही मिळतो. पण एकाच गावात विचारलंय, तेही बागायतदारांनाच, पाटकऱ्याला नाही, हे सारांश सांगत नाही. प्रकरण लिहिताना या लेखावर किती वजन टाकायचं ते या ओळीवर ठरतं. ती लिहिता येत नसेल तर लेख चाळलाय, वाचलेला नाही, `_वाचला` काढून `_चाळला` लावा.

पानाच्या बाबतीत एक ठेच हमखास लागते. वर पृ. ४७ लिहिलंय ते छापील पान. पीडीएफमध्ये ते पाचवं असू शकतं. झोटेरो बऱ्याचदा छापील आकडा ओळखतं, पण स्कॅनच्या बाबतीत ते पीडीएफचाच आकडा घेतं. पहिली खूण केली की तिच्यावरचा पानाचा आकडा छापील आकड्याशी ताडून पाहा. चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करा आणि तीच दुरुस्ती पुढच्या खुणांनाही लावून घ्या. साठ खुणा झाल्यावर हे लक्षात आलं तर फार जिवावर येतं.

लेखातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हात, नाहीतर आपल्या शब्दांत. मधली अवस्था, म्हणजे दोन शब्द बदलून उतरवलेलं वाक्य, टिपणात ठेवूच नये. सहा महिन्यांनी ते आपलंच वाटतं आणि प्रबंधात जसंच्या तसं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं जातं, त्यावर पायरीपायरीने कारवाई आहे. पण टक्क्यांचा हिशेब शेवटी येतो. गडबड झालेली असते ती अशा टिपणांत, कितीतरी आधी.

झोटेरोमधल्या रंगीत खुणा त्याच्या स्वतःच्या नोंदखात्यात असतात, पीडीएफच्या फाइलीत नसतात. ती फाइल सरळ फोल्डरमधून उचलून मार्गदर्शकांना मेलने पाठवली तर त्यांना कोरी दिसते. खुणांसकट द्यायची असेल तर झोटेरोतूनच `Export PDF` करून काढावी लागते. याच कारणाने ते नोंदखातं, `zotero.sqlite`, जपावं लागतं. झोटेरोचा संपूर्ण फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा तशा सतत जुळणी करणाऱ्या जागेत ठेवू नका. चालू असताना अर्धवट प्रत वर चढते आणि खातं बिघडू शकतं. आठवड्याला झोटेरो बंद करून फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आवक रिकामी करण्याच्या दिवशीच ते होऊन जातं.

हे सगळं लागलं की शोध कसा चालतो? समजा, प्रकरण तीन लिहायला बसलात. टॅगांच्या चौकटीत `नदी-पांझरा` आणि `मुद्दा-मोबदला` दोन्ही निवडले की दोन्ही असलेलेच लेख उरतात. ते सगळे निवडून उजवी कळ, `Generate Report from Items`, आणि प्रत्येक लेखाची नोंद तिच्या टिपणासकट एका लांब पानावर येते. ते छापून घ्यावं. नऊ लेखांची टिपणं एकाखाली एक वाचली की दिसतं, सहा जण मोबदला धान्यात होता म्हणतात आणि त्या सहांपैकी चौघांचा आधार एकच जुना अहवाल आहे. म्हणजे साक्षीदार सहा नाहीत, तीनच आहेत. हे नऊ पीडीएफ उघडून सहजी कळलं नसतं.

कधी दोन टॅग निवडल्यावर काहीच उरत नाही. `नदी-आराम` आणि `पुरावा-दप्तर`: शून्य. इथे घाई करून ‘यावर काम झालेलं नाही’ असं लिहू नका. आधी टॅग सोडून शोधचौकटीत `Everything` निवडा आणि नदीचं नाव मराठीत, मग इंग्रजी स्पेलिंगांनी टाकून पाहा. तरीही काही आलं नाही तर अनुक्रमणिकेची मर्यादा तपासा: झोटेरो मुळात प्रत्येक पीडीएफची पहिली १०० पानं आणि ५,००,००० अक्षरंच शोधासाठी वाचून ठेवतं. गॅझेटियरसारख्या जाडजूड ग्रंथात तुमचा मजकूर शंभराव्या पानापुढे असला तर तो शोधात येणारच नाही. सेटिंगमध्ये हे दोन्ही आकडे वाढवा, त्या फाइलीवर `Reindex` द्या आणि पुन्हा शोधा. त्यानंतरही शून्यच आलं तर ती खरी मोकळी जागा असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर प्रकरणाच्या फोल्डरमध्ये एक सुटं टिपण टाका: कुठले शब्द शोधले, कुठे शोधले, कुठल्या तारखेला.